विश्लेषण : घराच्या नूतनीकरणाचे बिल शेवटी का फुगते? ‘एक्स्ट्रा’ कामाची लेखी नोंद का महत्त्वाची?

काम सुरू होताना ठरलेली रक्कम सहा लाख आणि शेवटच्या आठवड्यात हातात पडलेले बिल सव्वासात लाखांच्या पुढे, हा अनुभव जुन्या घराचे नूतनीकरण करणाऱ्या अनेक कुटुंबांना येतो. घरमालकाला कंत्राटदाराने लुबाडले असे वाटते, तर ‘तुम्हीच सांगितलेल्या बदलांचे पैसे मागतोय’ असे कंत्राटदाराचे म्हणणे असते. बऱ्याचदा दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. पण कोणता बदल कोणी, केव्हा आणि किती रुपयांत मान्य केला याची नोंद कुणाकडेच नसल्याने वाद मिटत नाही. हे ‘एक्स्ट्रा’ नेमके कुठून येतात, त्यातले किती खरे असतात, पैसे टप्प्याटप्प्याने कसे द्यावेत आणि कायदा याबाबत काय सांगतो, याचा हा आढावा.

नवी मुंबईत हा प्रश्न अधिक का जाणवतो?

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. वाशी, नेरुळ, सीबीडी बेलापूर या नोडमधील अनेक इमारतींना आता तीस-चाळीस वर्षे होत आली आहेत. पुनर्विकासाचा निर्णय होईपर्यंत थांबणे शक्य नसलेली कुटुंबे घराच्या आतले काम काढतात. बाथरूम, स्वयंपाकघर, वायरिंग आणि फरशी ही त्यातली मुख्य कामे.

अशा घरात भिंतीच्या आणि फरशीच्या आत काय आहे हे फोडल्याशिवाय कळत नाही. बाथरूमचा स्लॅब इतर खोल्यांपेक्षा खाली असतो. त्या खोलगट भागात भराव घालून वर फरशी बसवलेली असते. भराव वर्षानुवर्षे पाणी पिऊन ओला झालेला असू शकतो. सांडपाण्याचा जुना बिडाचा पाइप आतून गंजून अर्धा बुजलेला असू शकतो. कोटेशन देताना कंत्राटदाराला यातले काही दिसत नाही. म्हणजे जुन्या घराच्या कामात काही ना काही बदल होणार, हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरावे लागते. बदल होणारच असेल, तर त्याची किंमत कधी ठरते यावर सारे अवलंबून असते.

सगळे ‘एक्स्ट्रा’ एकसारखेच असतात का?

नाही. बिलात सगळ्यांपुढे ‘एक्स्ट्रा’ हा एकच शब्द असला, तरी त्यामागे चार वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, परिमाणातली वाढ. कोटेशनमध्ये वायरिंगचे ३० पॉइंट धरले होते आणि प्रत्यक्षात ४६ झाले. काम तेच, दर तोच, फक्त संख्या वाढली. येथे वाद दराचा नसतो, मोजणीचा असतो. एका बोर्डवर चार बटणे असतील तर तो एक पॉइंट की चार, हे आधी लिहिलेले नसेल तर दोघांची बेरीज वेगळी येते.

दुसरी, वस्तूच्या दर्जातला फरक. कोटेशनमध्ये ‘टाइल्स ५५ रुपये चौरस फुटापर्यंत’ असे लिहिलेले असते आणि दुकानात गेल्यावर ८५ रुपयांची टाइल पसंत पडते. यात घरमालकाने फक्त तीस रुपयांचा फरक द्यायचा असतो, कारण पंचावन्न रुपये मूळ रकमेत आधीच आहेत.

तिसरी, फोडल्यावर सापडलेले काम. गंजलेला पाइप किंवा भिजलेला भराव हे त्याचे उदाहरण. यात दोष कुणाचाच नसतो, पण खर्च खरा असतो.

चौथी, घरमालकाने बदललेला निर्णय. स्वयंपाकाचा ओटा सरळ न ठेवता एल आकाराचा करायचा ठरले, तर काम वाढते. याची किंमत मात्र निर्णय कोणत्या दिवशी कळवला यावर ठरते. ग्रॅनाइट कापण्याआधी कळवला तर फक्त वाढीव लांबीचे पैसे लागतात. ओटा बसवल्यावर कळवला तर तोडफोड, वाया गेलेला दगड आणि दोन दिवसांची मजुरीही त्यात येते.

प्रत्यक्ष बिलात हे कसे दिसते?

नेरुळमधील एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. हे उदाहरण आणि त्यातील दर केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. दोन खोल्यांचे घर, कामाची ठरलेली रक्कम सहा लाख रुपये. सुरुवातीला ४० टक्के, टाइल्सचे काम सुरू होताना ४० टक्के आणि शेवटी २० टक्के, असे पैसे देण्याचे ठरले. त्यानुसार चार लाख ८० हजार रुपये दिले गेले. काम संपत आले असताना कंत्राटदाराने एक लाख २९ हजार ८५० रुपयांचे ‘एक्स्ट्रा’ लावले. त्यात चार ओळी होत्या.

- वायरिंगचे १६ वाढीव पॉइंट, ८५० रुपये दराने : १३,६०० रुपये
- टाइल्स, ४५० चौरस फूट, ८५ रुपये दराने : ३८,२५० रुपये
- बाथरूम वॉटरप्रूफिंग आणि पाइप : ४२,००० रुपये
- किचन ओट्यातील बदल : ३६,००० रुपये

घरातल्यांनी आधी सगळेच नाकारले. कंत्राटदाराने काम थांबवले. बाथरूमचे नळ आणि किचनचे दरवाजे लागायचे बाकी राहिले. आता प्रत्येक ओळ कोटेशनशी ताडून पाहू.

वायरिंगचे पॉइंट मोजले तर ते खरोखर ४६ भरतात आणि पॉइंट म्हणजे काय हे कोटेशनमध्ये लिहिलेले आहे. त्यामुळे १३,६०० रुपये देय आहेत.

टाइल्सच्या ओळीत कंत्राटदाराने पूर्ण ८५ रुपये लावले आहेत. मूळ कोटेशनमधले ५५ रुपये वजा केलेले नाहीत. ४५० चौरस फुटांचे ते २४,७५० रुपये होतात. ते वजा केल्यावर देय रक्कम १३,५०० रुपये राहते. ही चूक या कामात वारंवार होते. नवी वस्तू बिलात चढते, पण तिच्याऐवजी रद्द झालेली वस्तू बिलातून उतरत नाही.

बाथरूमच्या ४२,००० रुपयांत पाइप बदलण्याचे १८,०००, ओला भराव काढून नेण्याचे ६,००० आणि वॉटरप्रूफिंगचे १८,००० रुपये आहेत. पण वॉटरप्रूफिंग मूळ कोटेशनमध्ये आधीच होते. ते दुसऱ्यांदा लावले गेले. देय रक्कम २४,००० रुपये.

राहिला ओटा. दहा फुटांचा ओटा १४ फुटांचा झाला. वाढीव चार फुटांचे २,६०० रुपये दराने १०,४०० आणि पाणी व सांडपाण्याची लाइन हलवण्याचे ९,००० मिळून १९,४०० रुपये होतात. उरलेले १६,६०० रुपये कंत्राटदार तोडफोड आणि वाया गेलेल्या ग्रॅनाइटचे म्हणून मागतो. ओटा बसवल्यानंतर घरातल्या ज्येष्ठांनी बदल सांगितला, असे त्याचे म्हणणे. ग्रॅनाइट येण्याआधीच मिस्त्रीला सांगितले होते, असे घरातल्यांचे म्हणणे.

म्हणजे सुमारे एक लाख ३० हजारांच्या बिलात ७०,५०० रुपये स्पष्टपणे देय आहेत. २४,७५० आणि १८,००० मिळून ४२,७५० रुपये कोटेशन समोर ठेवले की उतरतात. खरा वाद केवळ १६,६०० रुपयांचा आहे आणि तो एका तारखेवर अडला आहे. ती तारीख कुठेही लिहिलेली नाही.

लेखी बदल म्हणजे नेमके काय लिहायचे?

मोठ्या बांधकाम कंत्राटांत यासाठी स्वतंत्र कलमच असते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटात वाढीव आणि बदललेल्या कामाचे दर कसे ठरवायचे हे आधीच नमूद असते. घराच्या कामाला इतक्या तपशिलाची गरज नाही. पण प्रत्येक बदलाच्या नोंदीत पुढील गोष्टी हव्यात : बदलाचा क्रमांक आणि तारीख, काय बदलले, किती परिमाण आणि कोणता दर, मूळ कामातून काय वजा झाले, काम किती दिवसांनी लांबेल आणि दोघांची संमती.

हे व्हॉट्सअॅपवर चार ओळींत मावते. वरच्या उदाहरणात पुढील मजकूर पुरेसा ठरला असता :

‘बदल क्र. ३. तारीख १४ मे. किचन ओटा १० फुटांऐवजी १४ फूट. वाढ ४ फूट, दर २,६०० प्रमाणे १०,४००. पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन हलवणे ९,०००. एकूण १९,४००. ग्रॅनाइट अजून कापलेला नाही. काम ३ दिवस वाढेल. मान्य असल्यास ‘बदल ३ मान्य’ असे लिहावे.’

‘ग्रॅनाइट अजून कापलेला नाही’ हे चार शब्द १६,६०० रुपयांचा वाद उद्भवूच देत नाहीत. बदल सुचवला तेव्हा काम कोणत्या अवस्थेत होते, हे प्रत्येक नोंदीत लिहिणे म्हणूनच आवश्यक आहे. सोबत त्या दिवसाचा फोटो असला तर अधिक चांगले.

ही नोंद काम सुरू होण्याआधी व्हायला हवी. काम झाल्यावर लिहिलेली किंमत ही मागणी असते. त्या वेळी घरमालकाला ‘नको, जुनेच ठेवा’ असे म्हणण्याची संधी उरलेली नसते. ओट्याचा खर्च १९,४०० रुपये आहे हे आधी कळले असते तर कदाचित त्या कुटुंबाने सरळ ओट्यावरच समाधान मानले असते.

आणखी एक साधा नियम करारात असावा. घराकडून एकच व्यक्ती आणि कंत्राटदाराकडून एकच व्यक्ती बदल मान्य करील. साइटवर आजोबा मिस्त्रीला एक सांगतात, मुलगा फोनवर कंत्राटदाराला दुसरे सांगतो आणि संध्याकाळी सून डिझाइनचा वेगळाच फोटो पाठवते. मिस्त्री समोर असलेल्या माणसाचे ऐकतो आणि बिल मात्र कंत्राटदार बनवतो. सूचना कुणीही करावी, पण ठरलेल्या दोन व्यक्तींच्या ‘मान्य’शिवाय काम सुरू होणार नाही, हे मिस्त्रीलाही सांगून ठेवावे लागते.

फोडल्यावर निघालेल्या कामाचे काय? तेथे तर थांबायला वेळ नसतो.

येथे अडचण खरी आहे. बाथरूम फोडून ठेवलेले असते, घरात दुसरे बाथरूम नसते आणि पाइप गंजलेला निघतो. अशा वेळी तीन कोटेशन मागवणे शक्य नसते.

त्यावरचा उपाय कोटेशनच्या वेळीच करायचा असतो. जुन्या घरात काय निघू शकते हे कंत्राटदाराला अनुभवाने ठाऊक असते. म्हणून ‘निघाल्यास’ या शीर्षकाखाली दर आधीच घ्यावेत. सांडपाण्याचा पाइप बदलावा लागल्यास एका फुटाला किती, ओला भराव काढून टाकावा लागल्यास एका बाथरूमला किती, पोकळ झालेले प्लास्टर काढून नवे करायचे झाल्यास चौरस फुटाला किती. हे काम निघाले नाही तर एक रुपयाही द्यावा लागत नाही. निघाले तर फक्त माप घ्यायचे उरते. त्या क्षणी दर ठरवण्याची वेळ आली, तर घरमालकाची बाजू सर्वात कमकुवत असते.

माप घेतानाही एक काळजी हवी. पाइप आणि वायरिंग भिंतीत बुजवले जाते. एकदा प्लास्टर झाले की किती फूट पाइप टाकला हे मोजता येत नाही. त्यामुळे बुजवण्याआधी टेप लावून फोटो काढणे आणि ते त्याच चॅटमध्ये टाकणे उपयोगी ठरते. पुढे भिंतीत खिळा ठोकतानाही हेच फोटो कामाला येतात.

पैसे टप्प्याने देताना नेमके चुकते कुठे?

वरच्या उदाहरणातले ४०-४०-२० हे गणित परिचित आहे. त्यात दोन दोष आहेत. एक म्हणजे दुसरा हप्ता टाइल्सचे काम ‘सुरू होताना’ द्यायचा होता. काम सुरू झाले हे दाखवायला चार टाइल्स लावल्या तरी चालतात. टप्पा नेहमी पूर्ण झालेल्या आणि डोळ्यांनी तपासता येईल अशा कामाला जोडलेला हवा. दुसरा दोष असा की ८० टक्के पैसे गेले तेव्हा प्रत्यक्षात झालेले काम त्याहून बरेच कमी होते. काम थांबले तर तोटा घरमालकाचा.

सहा लाखांच्या त्याच कामाचे टप्पे असे करता आले असते :

- काम सुरू करताना १५ टक्के : ९०,००० रुपये
- तोडफोड पूर्ण होऊन डेब्रिज इमारतीबाहेर गेल्यावर १५ टक्के : ९०,००० रुपये
- भिंतीतले पाइप आणि वायरिंग पूर्ण, पाइपची प्रेशर चाचणी आणि फोटो झाल्यावर २० टक्के : १,२०,००० रुपये
- वॉटरप्रूफिंगची चाचणी झाल्यावर १५ टक्के : ९०,००० रुपये
- टाइल्स आणि ओटा पूर्ण झाल्यावर २५ टक्के : १,५०,००० रुपये
- रंग, नळ, दरवाजे पूर्ण करून घर ताब्यात दिल्यावर ५ टक्के : ३०,००० रुपये
- त्यानंतर तीन महिन्यांनी ५ टक्के : ३०,००० रुपये

यातला चौथा टप्पा समजून घेण्यासारखा आहे. वॉटरप्रूफिंगनंतर आणि टाइल्स लावण्याआधी नहाणीचा मार्ग बंद करून बाथरूमच्या तळाशी पाणी साठवून ठेवतात. पाणी किमान ४८ तास ठेवून पातळी उतरते का आणि खालच्या घराच्या छताला ओल येते का, हे पाहतात. गळती येथे सापडली तर दुरुस्तीचा खर्च थोडा असतो. टाइल्स लावल्यावर सापडली तर सगळे पुन्हा फोडावे लागते आणि तेव्हा हे ‘एक्स्ट्रा’ कुणाचे, हा नवा वाद सुरू होतो. म्हणून या चाचणीला हप्ता जोडणे महत्त्वाचे.

कंत्राटदाराचीही बाजू आहे. छोट्या कंत्राटदाराला मजुरांचा पगार आठवड्याला द्यावा लागतो आणि सिमेंट-टाइल्सचे दुकानदार उधारीवर फार काळ माल देत नाहीत. त्याच्याकडे खेळते भांडवल नसते, म्हणून तो मोठी आगाऊ रक्कम मागतो. तिला उत्तर म्हणून टाइल्स, नळ, ग्रॅनाइट अशा मोठ्या वस्तूंचे पैसे घरमालकाने थेट दुकानदाराला द्यावेत. तेवढी रक्कम कंत्राटातून वजा होते, आगाऊ रकमेची गरज कमी होते आणि खरेदीची पक्की बिले घरमालकाच्या नावावर येतात. टप्पे लहान ठेवले तर पैसेही लवकर मिळतात, ही कंत्राटदाराच्या सोयीची गोष्ट आहे.

बदलांचे पैसे मूळ हप्त्यांत मिसळू नयेत. बदल क्रमांक ३ चे पैसे ‘बदल ३’ असा उल्लेख करूनच द्यावेत. यूपीआयने पैसे पाठवताना टिपणीच्या जागी ‘टप्पा ४’ किंवा ‘बदल ३’ एवढे लिहिले तरी पुढे हिशेब जुळतो. रोख रक्कम दिली असेल तर त्याच चॅटवर ‘टप्पा ४ चे ९०,००० मिळाले’ अशी पोच घ्यावी.

‘लेखी नाही म्हणजे पैसे द्यायचे नाहीत’ असे म्हणता येते का?

हा मोठा गैरसमज आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार घराच्या कामाचा तोंडी करारही वैध ठरू शकतो. शिवाय याच कायद्याचे कलम ७० आहे. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यावी किंवा वस्तू परत करावी, असे ते कलम सांगते.

त्याचा गाजलेला दाखला पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स या खटल्याचा आहे. पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितल्यावरून या कंत्राटदार कंपनीने सरकारसाठी बांधकामे केली होती. सरकारी कंत्राटासाठी आवश्यक असलेल्या लेखी रीतीने करार झालेला नव्हता, म्हणून सरकारने पैसे नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये निकाल देताना कलम ७०चा आधार घेतला. सरकारने बांधकाम स्वीकारून वापरले असल्याने कंत्राटदाराला मोबदला मिळायला हवा, असे न्यायालयाने म्हटले. काम नको असेल तर ते नाकारण्याची मोकळीक समोरच्याला असते, हेही त्याच निकालात स्पष्ट केले आहे.

घराच्या कामाला हे लागू करताना दोन गोष्टी लक्षात येतात. एक, वाढीव ओटा वापरायचा आणि लेखी नव्हते म्हणून पैसे नाकारायचे, ही भूमिका टिकणे कठीण आहे. दोन, आपण न सांगितलेले काम सुरू होताना दिसले तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्यायला हवी. भिंतीला लागलेली टाइल परत करता येत नाही. गप्प राहून काम पूर्ण होऊ दिले तर पुढे ‘मला नको होते’ हे पटवणे अवघड जाते.

मग लेखी नोंदीने काय साधते? दर, परिमाण आणि तारीख वादाबाहेर जाते. नोंद नसेल तर वाजवी मोबदला किती, हे साक्षीपुराव्यांनी आणि तज्ज्ञांच्या मोजमापाने ठरवावे लागते. १६,६०० रुपयांसाठी तेवढा वेळ आणि खर्च कुणालाच परवडत नाही.

व्हॉट्सअॅपवरचे ‘ओके’ चालते का?

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १०अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून दाखल करण्याची पद्धत आहे. त्यासाठी विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून मूळ चॅट फोनमध्ये जपून ठेवावे. फक्त स्क्रीनशॉट ठेवून चॅट पुसू नये आणि आपोआप संदेश नाहीसे होण्याची सोय त्या चॅटपुरती बंद ठेवावी.

अडचण असते ती ‘ओके’ नेमके कशाला दिले याची. पाच फोटो, एक व्हॉइस मेसेज आणि त्याखाली अंगठा, एवढ्यावरून दर सिद्ध होत नाही. फोनवर बोलणे झाले असेल तर लगेच ‘आता बोलल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून सारांश पाठवावा आणि उत्तरात बदलाच्या क्रमांकासह ‘मान्य’ घ्यावे.

वाद झालाच तर दाद कुठे मागायची?

आधी एकत्र बसून बिलाची प्रत्येक ओळ कोटेशनशी ताडावी आणि टेप लावून संयुक्त माप घ्यावे. वरच्या उदाहरणात तेवढ्यानेच १६,६०० रुपये सोडून सारा हिशेब सुटतो. जे मान्य आहे ते लेखी मान्य करावे आणि कोणती ओळ का अमान्य आहे तेही लिहावे. सरसकट नकार दिल्यास कंत्राटदाराला काम थांबवण्याचे निमित्त मिळते.

तरीही काम अर्धवट सोडले, निकृष्ट केले किंवा घेतलेले पैसे परत दिले नाहीत, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तक्रार करता येते. या कायद्यातील सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा समावेश आहे. कंत्राटदाराकडून स्वतःच्या जागेवर घर बांधून घेणारा हा ग्राहक असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या फकीर चंद गुलाटी प्रकरणात स्पष्ट केले आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. उदाहरणातील कुटुंबाने चार लाख ८० हजार दिले आहेत, म्हणजे शुल्क शून्य. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते.

तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. ऐरोली ते सीबीडी बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात आहे, तर खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. पत्ता ‘नवी मुंबई’ असला तरी जिल्हा कोणता हे आधी पाहावे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून समेटाचा प्रयत्न करता येतो.

कंत्राटदारालाही मार्ग आहे. केलेल्या कामाचे पैसे बुडाले तर तो दिवाणी न्यायालयात जाऊ शकतो. पैसे देण्याची मुदत ठरलेली नसेल, तर मुदत कायद्याप्रमाणे काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत त्याला दावा करता येतो. म्हणून काम संपल्यावर चॅट आणि कोटेशन पुसून टाकणे दोन्ही बाजूंना महागात पडू शकते.

लेखी नोंदीनेही काय साधत नाही?

लेखी बदलाने दर वाजवी होत नाही. २,६०० रुपये फूट हा दर जास्त आहे असे वाटत असेल तर तो ‘मान्य’ लिहिण्यापूर्वीच बोलावा लागतो. मान्य केल्यावर तो बंधनकारक ठरतो. तसेच सोसायटीच्या परवानगीची जागा ही नोंद घेऊ शकत नाही. भिंत काढणे किंवा बाथरूम हलवणे अशा बदलांत कंत्राटदाराने होकार दिला, तरी सोसायटीची आणि गरज असेल तेथे पालिकेची परवानगी, शिवाय संरचना अभियंत्याचा सल्ला लागतो. तो मिळेपर्यंत बदलाच्या नोंदीत ‘परवानगीनंतरच काम सुरू’ असे लिहावे.

कामाच्या धावपळीत प्रत्येक बदल लिहीत बसणे कटकटीचे वाटते. त्यासाठी आठवड्यातला एक दिवस ठरवता येतो. मजुरांचा हिशेब होतो त्याच शनिवारी कंत्राटदाराने त्या आठवड्याच्या बदलांची यादी, प्रत्येकाची रक्कम आणि आतापर्यंतची एकूण बेरीज पाठवावी. तातडीचे बदल त्याच दिवशी लिहिले जातील, बाकीचे या यादीत येतील आणि यादी मान्य होईपर्यंत त्यातले काम सुरू होणार नाही. नेरुळच्या उदाहरणात अशी यादी असती, तर टाइल्सचे वजा न झालेले २४,७५० रुपये दुकानातून टाइल आली त्याच आठवड्यात दिसले असते. तेव्हा कंत्राटदाराचे बरेचसे हप्ते यायचे होते, काम सुरू होते आणि दोघेही एकमेकांशी बोलत होते.